मंचावर गायचं नाही, पण संगीतातच राहायचं आहे

प्रिय ताई, माझं वय २३. गायनात पदवी घेतली आहे, हार्मोनियमही बऱ्यापैकी वाजवते. मंचावर गाण्यात माझं मन रमत नाही, हे आता पक्कं कळलंय. भीती वगैरे काही नाही, आवडच नाही. पण संगीत सोडायचं नाही. शिकवणं, म्युझिक थेरपी आणि साउंड इंजिनिअरिंग असे तीन रस्ते दिसतात. ओढा थेरपीकडे जास्त आहे. सहा आठवड्यांचा एक ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स सापडला आहे, पुढच्या महिन्यात फी भरायची आहे. तो केला की थेरपिस्ट म्हणून काम मिळेल का? आणि बाकीच्या दोन्हींसाठी नेमकं काय शिकावं लागतं?
– संगीतातच राहू इच्छिणारी

फी भरायची थांब. सहा आठवड्यांत म्युझिक थेरपीची ओळख होऊ शकते, थेरपिस्ट मात्र होता येत नाही. थेरपिस्टची पात्रता ठरते ती रुग्णांसोबत, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली केलेल्या कामावर. ते काम घरी बसून व्हिडिओ बघून होत नाही. कोर्स चालवणारे फसवे असतीलच असं नाही, पण ते तुला देऊ शकतात त्यापेक्षा तुझी अपेक्षा खूप मोठी आहे.

तू ज्या तीन रस्त्यांबद्दल लिहिलंस, त्यांत पात्रतेचा अर्थ एकच नाही, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. थेरपीत, जिथे हा व्यवसाय नीट रुजला आहे तिथे, ठरावीक पदवी आणि नोंदणी असल्याशिवाय काम करता येत नाही. शाळेत संगीत शिकवायचं तर बहुतेक देशांत शिक्षणशास्त्राची पदवी किंवा शिक्षकाचा परवाना लागतो, पण घरी शिकवणी घ्यायला कुणाचीच परवानगी लागत नाही. आणि साउंडच्या कामात प्रमाणपत्र बघण्याआधी तू केलेलं काम ऐकवायला सांगतात. त्यामुळे "कुठला कोर्स करू" याच्या आधी "मला कोण कामावर घेणार, आणि तो माझ्याकडे काय मागणार" हे विचारायचं. तुझा ओढा थेरपीकडे आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते. बाकी दोन्हींबद्दल तुझ्या उपयोगाचं तेवढंच.

अमेरिकेतली पद्धत बघ, कारण ती सगळ्यात मोजूनमापून लिहिलेली आहे. तिथे म्युझिक थेरपी असोसिएशनने मान्य केलेल्या अभ्यासक्रमातून पदवी घ्यावी लागते आणि एकूण १२०० तासांचं क्लिनिकल प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. त्यातले किमान १८० तास अभ्यासक्रम चालू असताना आणि किमान ९०० तास इंटर्नशिपमध्ये. त्यानंतर सर्टिफिकेशन बोर्डाची परीक्षा. ती उत्तीर्ण झाली की नावापुढे एमटी-बीसी ही अक्षरं लावता येतात. पुढेही दर पाच वर्षांनी नव्या शिक्षणाचे पुरावे देऊन ती टिकवावी लागतात. ब्रिटनमध्ये मास्टर्स पदवी लागते, आणि एचसीपीसी या आरोग्य व्यावसायिकांच्या परिषदेकडे नोंदणी केल्याशिवाय स्वतःला म्युझिक थेरपिस्ट म्हणवणं हा गुन्हा ठरतो. तिथल्या अभ्यासक्रमांत विद्यार्थ्याने स्वतःही थेरपी घ्यायची असते. दुसऱ्याच्या दुःखासोबत रोज तासन्‌तास बसणाऱ्याने स्वतःचं मन जाणून घेतलेलं असावं, असा त्यामागचा विचार आहे, आणि मला तो अगदी योग्य वाटतो.

ज्या देशांत अशी नोंदणी नाही तिथे कुणीही दारावर पाटी लावू शकतो. पण रुग्णालय किंवा पुनर्वसन केंद्र नोकरी देताना तुझ्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष रुग्णांसोबत किती तास होते आणि देखरेख कुणाची होती हे विचारणार, आणि त्या प्रश्नाला सहा आठवड्यांच्या कोर्सकडे उत्तर नसतं.

इतके तास कशाला, असं वाटणं साहजिक आहे. गाणं तर तुला येतंच. म्हणून एक सत्र तुझ्यापुढे उलगडून ठेवते. हे एका विशिष्ट माणसाचं नाही, पण अशी सत्रं रोज होतात.

पक्षाघातातून सावरलेले एक गृहस्थ आहेत. काठीशिवाय चालू शकतात, पण हळू, आणि एक पाय मागे रेंगाळतो. यांच्यासाठी जी पद्धत वापरतात तिला रिदमिक ऑडिटरी स्टिम्युलेशन म्हणतात. न्यूरॉलॉजिक म्युझिक थेरपी या शाखेतली ही सगळ्यात जास्त तपासलेली पद्धत, आणि मायकेल थॉट या संशोधकाचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. सुरुवात गाण्याने होत नाही, मोजण्याने होते. दहा मीटरची सरळ रेषा आखतात, तिच्या अलीकडे-पलीकडे थोडी मोकळी जागा ठेवतात, आणि त्यांना नेहमीच्या चालीने चालायला सांगतात. समज, दहा मीटरला त्यांना २० सेकंद लागले आणि २४ पावलं पडली. म्हणजे मिनिटाला ७२ पावलं, आणि एक पाऊल साधारण ४२ सेंटिमीटरचं. हे दोन आकडे हातात आल्याशिवाय वाद्याला हात लावायचा नाही.

मग मेट्रोनोम ७२ वर. आधी बसून फक्त ठोक्यावर पाय आपटायचे, मग उभं राहून वजन या पायावरून त्या पायावर न्यायचं, मग चालायचं. फिजिओथेरपिस्ट शेजारी असतो, रुग्णाच्या कमरेला आधाराचा पट्टा असतो, कारण तोल गेला तर सगळं तिथेच थांबतं. ठोका त्यांच्याच चालीचा असल्यामुळे पहिल्या मिनिटात फारसं काही वेगळं दिसत नाही. पण थोड्या वेळाने रेंगाळणाऱ्या पायाचं पाऊल दुसऱ्याच्या वेळेशी जुळायला लागतं. मागच्या ठोक्यांवरून पुढचा कधी येणार हे कानाला आधीच कळलेलं असतं, त्यामुळे शरीर त्या क्षणाची तयारी करून ठेवतं. ऐकण्याचे आणि हालचालीचे मेंदूतले मार्ग एकमेकांशी जोडलेले आहेत, म्हणून हे घडतं. त्यासाठी त्या माणसाला गाणं आवडायलाच हवं असं नाही. इथे काम भावनेपेक्षा लय जास्त करते.

आता मेट्रोनोमवर संगीत चढवायचं. दोन किंवा चार मात्रांचं, ज्यात ठोका ठसठशीत ऐकू येईल असं. तीन मात्रांचं चालत नाही, कारण सम एकदा डाव्या पायावर पडते आणि पुढच्या वेळी उजव्या. चाल स्थिर झाली की वेग पाच टक्क्यांनी वाढवायचा, म्हणजे ७६ च्या आसपास, आणि पुन्हा दहा मीटर मोजायचे. समजा या वेळी १८ सेकंद लागले आणि २३ पावलं पडली. पाऊल साडेत्रेचाळीस सेंटिमीटरचं झालं, वेगही वाढला. छान. उत्साहाच्या भरात ठोका आणखी वाढवून ७९ केला, आणि मोजल्यावर दिसलं की २० सेकंद लागले, पावलं २६ पडली. मिनिटाला ७८ पावलं, म्हणजे ठोका तर त्यांनी पकडला. पण पाऊल ३८ सेंटिमीटरवर आलं, आणि दहा मीटरला वेळ सुरुवातीइतकाच लागला. माणूस ठोका गाठायला तुरुतुरु चालतोय. नुसतं ऐकणाऱ्याला वाटेल की लयीत चालला आहे, चांगलंच झालं. थेरपिस्टला कळायला हवं की इथे मागे यायचं, ७६ वर स्थिर व्हायचं आणि पाऊल लांब पडेल याकडे लक्ष द्यायचं. शेवटी संगीत मधूनमधून बंद करतात आणि लय डोक्यात टिकते का बघतात. टिकली नाही, तर सत्रात मिळालेलं घरी पोचत नाही.

ही गोष्ट मी लांबवली, कारण त्या ९०० तासांत माणूस काय शिकतो ते यात दिसतं. पेटीवर लय धरून ठेवत डोळे पायांवर ठेवायचे, दमछाक ओळखायची, कुठला आकडा सुधारला आणि कुठला फसवा आहे हे तिथल्या तिथे समजायचं, सत्र संपल्यावर डॉक्टरांना वाचता येईल अशी नोंद लिहायची. या पद्धतीच्या मर्यादाही तिथेच कळतात. जो उभाच राहू शकत नाही त्याला ठोका उभं करत नाही, आणि स्नायूत गेलेली ताकद लयीने परत येत नाही. मेंदूला इजा झालेल्या रुग्णांवरच्या संगीतोपचारांचा २०१७ साली कोक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने आढावा घेतला होता. त्यातही चालण्यासाठी ही पद्धत उपयोगी ठरू शकते असं सावधपणेच म्हटलं आहे. चांगला थेरपिस्ट याच भाषेत बोलतो.

म्हणूनच "अमुक रागाने अमुक आजार बरा होतो" असे तक्ते शिकवणारा कोर्स दिसला तर तिथून निघ. रागाचा मनावर परिणाम होतो हे तुला-मला सांगायला नको. पण थेरपीची सुरुवात समोरच्या माणसाच्या तपासणीपासून होते, मग ध्येय ठरतं, आणि संगीत त्यानंतर निवडलं जातं. तक्ता हा क्रम उलटा करतो. वॉर्डात शांत संगीत लावून ठेवणं हीसुद्धा चांगली गोष्ट आहे, त्याने शस्त्रक्रियेआधीची काळजी कमी व्हायला मदत होते. पण ते परिचारिकाही करू शकतात. तिथे थेरपिस्टची नोकरी निर्माण होत नाही.

तुझ्यासाठी चांगली बातमी अशी, की सगळं पहिल्यापासून करावं लागणार नाही. संगीताची पदवी असलेल्यांसाठी अमेरिकी पद्धतीत इक्विव्हॅलन्सी नावाची सोय आहे. तुझे संगीताचे विषय धरले जातात, राहिलेले म्युझिक थेरपीचे, मानसशास्त्राचे आणि शरीररचनेचे विषय करायचे, क्लिनिकल तास पूर्ण करायचे आणि परीक्षा द्यायची. पुष्कळजण हे मास्टर्सला जोडूनच करतात. साधारण दोन-तीन वर्षं धरून चाल. ब्रिटनमध्ये तर मास्टर्सलाच थेट प्रवेश असतो, पण तिथे ऑडिशन आणि मुलाखत होते, आणि लहान मुलांसोबत, वृद्धांसोबत किंवा अपंग व्यक्तींसोबत काही काळ काम केलेलं असावं ही अपेक्षा असते.

तुझ्यात एक उणीव मात्र राहील, ती आत्ताच भरायला घे. तू गातेस आणि पेटी वाजवतेस, पण थेरपिस्टला गिटार किंवा पियानोवर कॉर्ड धरून, कुठल्याही पट्टीत, समोरच्याकडे बघत साथ करता यावी लागते. एखादी आजी तिच्या पट्टीत गाणं सुरू करते. आपली पट्टी आपण सोडायची आणि तिच्यामागे जायचं. एकल गायनाच्या तालमीत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे जड जातं, कारण वर्षानुवर्षं इतरांनी आपल्या पट्टीत साथ केलेली असते. गिटारवर पाच-सहा कॉर्ड आणि पट्टी बदलणारा कॅपो बसवता आला, की बरीचशी गाणी हाताशी येतात. पेटीवरही कॉर्ड धरण्याचा सराव कर, पण वॉर्डात खाटेपाशी उभं राहून वाजवायला गिटारच सोयीची पडते.

फी भरण्याआधी कुठल्याही कोर्सवाल्याला तीन गोष्टी विचारायच्या. प्रत्यक्ष रुग्णांसोबत किती तास आहेत? देखरेख करणाऱ्याची स्वतःची नोंदणी कुठली आहे? आणि हा कोर्स केलेले लोक आज कुठे, कुठल्या पदावर काम करतात? तिसऱ्या प्रश्नाला "स्वतःचं केंद्र चालवतात" एवढंच उत्तर आलं, तर त्यांना दुसऱ्या कुणी कामावर घेतलेलं नाही असा त्याचा अर्थ असण्याची शक्यता दाट आहे.

आता शिकवण्याबद्दल. शाळेत कायम नोकरी हवी असेल तर संगीताच्या पदवीवर शिक्षणशास्त्राची पदवी घ्यावी लागते, आणि तिच्यात शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचा काळ असतो. त्यात काही गूढ नाही. देशागणिक नियम वेगळे, पण माहिती उघड असते आणि सहज मिळते. खाजगी शिकवणीचं तसं नाही. तिथे कागद लागत नाही म्हणून बहुतेकजण काहीच न शिकता शिकवायला बसतात, आणि आपल्याला जसं शिकवलं तसंच पुढे शिकवतात. गुरू गातो, शिष्य तसंच गातो. हुशार मूल तरून जातं, बाकीची "याला सूर नाही" असं ऐकून घरी जातात.

आणि त्यातली बहुतेक मुलं सुरेल होऊ शकतात. सात-आठ वर्षांचा एक मुलगा डोळ्यांपुढे आण. तू तुझा सा देतेस आणि तो त्याच्या खाली, एकाच जाड सुरावर गुणगुणतो. तू पुन्हा सा देतेस, मोठ्याने देतेस. तो आणखी बिचकतो. याऐवजी त्याला काहीही म्हणू दे, तो ज्या सुरावर येईल तो सूर तू पकड आणि त्याच्यासोबत धर. दोन आवाज जुळल्यावर कानाला काय वाटतं, हे कदाचित त्याला पहिल्यांदाच कळत असतं. मग तिथून अर्धा स्वर वर जा, पुन्हा जुळव. दोन सुरांचं पहिलं काम देताना सा-रे देऊ नकोस, प-ग दे, वरून खाली. हाक मारताना मुलांचा आवाज आपसूक याच अंतराने उतरतो, आणि हंगेरीच्या कोडायच्या पद्धतीत लहान मुलांचा गाण्याचा पाठ याच दोन सुरांपासून सुरू होतो. कोडाय, ऑर्फ, डालक्रोझ, सुझुकी या चारही पद्धतींचे शिक्षकांसाठी टप्प्याटप्प्याचे अभ्यासक्रम आहेत, आणि सुट्टीत थोड्या दिवसांत पहिला टप्पा करता येतो. ते परवाने नाहीत, पण हात तयार होतो. त्यातल्या एकाचा पहिला टप्पा कर. तू पुढे थेरपीत गेलीस तरी मुलांसोबतच्या कामात तो रोज वापरशील.

ज्यांना कागद हवाच असतो त्यांच्यासाठी परीक्षा मंडळांच्या पदविका आहेत. लंडनचं एबीआरएसएम हे परीक्षा मंडळ १८८९ साली स्थापन झालं. त्याच्या ग्रेड परीक्षा आठपर्यंत जातात आणि त्यापुढच्या पदविकांमध्ये शिकवण्याचीही वेगळी शाखा आहे. पण ते सगळं पाश्चात्त्य संगीताच्या चौकटीत आहे. तू गातेस ते त्यात बसत नसेल तर नुसत्या नावासाठी मागे लागू नकोस.

साउंड इंजिनिअरिंगकडे मात्र गाणाऱ्यांनी जास्त गंभीरपणे बघावं असं मला वाटतं. आपली समजूत असते की ते यंत्राचं काम आहे. पण युरोपात या कामाला संगीताची पात्रता फार आधीपासून मागतात. जर्मनीतल्या डेटमोल्डला १९४९ साली टोनमाइस्टर नावाचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्यात प्रवेशासाठी वाद्य वाजवून दाखवावं लागतं, कानाची परीक्षा असते, आणि गणित व भौतिकशास्त्रही यावं लागतं. ब्रिटनमध्ये सरी विद्यापीठाने १९७० साली याच नावाचा अभ्यासक्रम काढला, त्यात स्टुडिओत किंवा प्रसारण संस्थेत वर्षभर काम करण्याची सोय असते. असं शिकलेली माणसं रेकॉर्डिंगच्या वेळी स्वरलिपी समोर ठेवून बसतात आणि चौथ्या ओळीत पंचम किंचित उतरला, पुन्हा घेऊ या, असं सांगतात. हे काम तुला तांत्रिक शिक्षणाआधीच अर्धं येतं.

राहिलेलं अर्धं शिकायला पदवी हवीच असं नाही, पण सवय लागते. पहिली सवय कानाची. एखादी ओळखीची ध्वनिफीत संगणकावर घे, आवाजाचे वेगवेगळे कंपनपट्टे कमी-जास्त करणाऱ्या इक्वलायझरवर एकच पट्टा १२ डेसिबलने वाढव, आणि कुठला वाढवला ते न बघता ओळखायला शीक. पट्टे असे: ६३, १२५, २५०, ५००, १०००, २०००, ४०००, ८००० आणि १६००० हर्ट्झ. प्रत्येक आकडा आधीच्याच्या साधारण दुप्पट आहे, म्हणजे एका सप्तकाचं अंतर, आणि सप्तक तुला नवं नाही. २५० वाढला की आवाज दाटून येतो, ५०० वाढला की पेटाऱ्यातून आल्यासारखा वाटतो, ४००० वाढला की व्यंजनं टोचायला लागतात. ओळखता यायला लागलं की वाढ ६ डेसिबलवर आण, मग ३ वर. ३ डेसिबलचा बदल तू खात्रीने ओळखायला लागलीस, तर स्टुडिओत कुणी तुझी पदवी विचारायच्या भानगडीत पडणार नाही.

दुसरी सवय बटणांआधी माइककडे बघण्याची. गायिका आणि पेटीवाला शेजारी बसलेत, दोघांना एकेक माइक दिला आहे, आणि आवाज पोकळ येतोय. नवखा इक्वलायझर फिरवत बसतो. जाणता पेटीचा माइक क्षणभर बंद करतो. गायिकेचा आवाज एकदम भरीव झाला तर दोष सापडला: तिचा आवाज दोन्ही माइकमध्ये शिरत होता, पेटीच्या माइकमध्ये किंचित उशिरा पोचत होता, आणि दोन्ही एकत्र आल्यावर काही कंपनसंख्या एकमेकांना खात होत्या. इलाज अंतराचा आहे. गायिका तिच्या माइकपासून २० सेंटिमीटरवर असेल तर दुसरा माइक त्या माइकपासून किमान ६० सेंटिमीटर लांब हवा. हे तीनास एकचं प्रमाण बरेच साउंडवाले पाळतात. आणि गायिका माइकला अगदी ओठ लावून गात असेल तर खर्ज फुगतो, तो दिशादर्शी माइकचा गुणधर्म आहे. तेव्हा तिला हळूच मागे सरकायला सांगायचं. गाणारीने सांगितलेलं गाणारी पटकन ऐकते, हाही तुझा फायदा.

या कामात एका गोष्टीची काळजी पहिल्या दिवसापासून घ्यायची, ती म्हणजे कान. अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. ९४ ला एक तास, १०० ला पाव तास. मोठ्या कार्यक्रमात कन्सोलपाशी १०० सहज होतात. कार्यक्रमानंतर कानात शीळ वाजत राहिली तर मर्यादा ओलांडली गेली आहे. संगीतकारांसाठीचे प्लग मिळतात, ते आवाजाचे सगळे पट्टे जवळपास सारखे कमी करतात, त्यामुळे घालूनही काम करता येतं. घेऊन ठेव.

माझं मत विचारशील, तर थेरपीचाच रस्ता धर, पण फी भरण्याआधी तुझं तिथे जमतं का ते बघून घे. जवळच्या पुनर्वसन केंद्रात, वृद्धाश्रमात किंवा विशेष मुलांच्या शाळेत आठवड्यातून दोनदा स्वयंसेवक म्हणून जा, सलग चार-पाच महिने. स्वतःला थेरपिस्ट म्हणवू नकोस, गाणी म्हणायला येते एवढंच सांग. तिथे एखादा फिजिओथेरपिस्ट किंवा वाचाउपचारतज्ज्ञ असेल तर तो कसा मोजतो, काय लिहून ठेवतो ते बघ. मंचावर मन रमत नाही म्हणतेस. इथे टाळ्या नाहीत, बऱ्याचदा प्रतिसादही नसतो, एकच गाणं त्याच माणसासाठी महिनाभर म्हणावं लागतं, आणि कधीकधी तो माणूस पुढच्या आठवड्यात नसतो. हे सोसून पुन्हा जावंसं वाटलं तर अर्ज कर. त्या महिन्यांची नोंदवही आणि तिथल्या पर्यवेक्षकाचं पत्र मास्टर्सच्या मुलाखतीत उपयोगी पडतं, शिवाय गिटारसाठी तेवढा वेळ मिळतो.

नाहीच रमलीस, तर लहान मुलांना शिकवण्याचा टप्पा आणि कानाचा सराव तोवर सुरू झालेला असेल. दोन्हींना रोज अर्धा तास पुरतो. मला सहा महिन्यांनी पुन्हा लिही, आणि तोवर कोर्सवाल्यांनी त्या तीन प्रश्नांना काय उत्तरं दिली तेही कळव.